तुवालूच्या वतीने दीड मिनिट: हवामान निधीवरच्या सुरुवातीच्या निवेदनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, बीड इथल्या शाळांमध्ये अभिरूप संयुक्त राष्ट्र सभा, म्हणजे विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन चर्चा करतात अशा सभा, आता नियमित भरू लागल्या आहेत. हवामान निधीचा विषय निघाला की एखाद्या छोट्या बेटराष्ट्राची चिठ्ठी कुणाच्या तरी हातात येतेच. त्या विद्यार्थ्यांना तयारी करून देताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात, ते इथे घेतले आहेत. सगळी उत्तरं तुवालू या एकाच देशाला धरून दिली आहेत. किरिबाटी किंवा मार्शल बेटं मिळाली तर तपशील बदलतील, पण कामाची पद्धत हीच राहील.

तुवालूबद्दल किमान काय माहीत असायला हवं?

प्रशांत महासागरातली नऊ बेटं, सगळी मिळून सुमारे 26 चौरस किलोमीटर जमीन आणि अकरा हजारांच्या आसपास माणसं. सर्वांत उंच जागाही समुद्रापासून पाच मीटरच्या आतच. राजधानी फुनाफुती. 2000 साली हा देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. तिथे नदी नाही. पिण्याचं पाणी म्हणजे मुख्यतः छपरावरून टाकीत साठवलेला पाऊस, त्यामुळे 2011 मध्ये पाऊस लांबला तेव्हा सरकारला पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. पुलाका हे अळूच्या जातीचं कंद तिथलं जुनं अन्न. ते जमिनीत खोल खड्डे करून, खालच्या गोड्या पाण्याच्या थरापर्यंत पोचून लावतात. समुद्राचं पाणी त्या खड्ड्यात शिरलं की पीक जातं आणि खड्डा पुढे बराच काळ कामाचा राहत नाही.

देशाचं वर्षाचं एकूण उत्पन्न सहा कोटी डॉलरच्या आसपास आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

निवेदनात मागायचं नेमकं काय?

बहुतेक निवेदनं इथेच अडकतात. विद्यार्थी दीड मिनिट बेटं कशी बुडत आहेत ते सांगतो आणि शेवटच्या वाक्यात "विकसित देशांनी पुढे यावं" म्हणून खाली बसतो. सभागृह हळहळतं, पण ठरावाच्या मसुद्यात त्यातलं एकही वाक्य जात नाही, कारण लिहून घेण्यासारखं काही बोललंच गेलेलं नसतं.

तुवालूचा प्रतिनिधी एका सरकारच्या वतीने बोलतो. सरकार मागतं तेव्हा कोणत्या निधीतून, कोणत्या स्वरूपात, किती मुदतीत आणि कुणाच्या हातात पैसा यावा हे सांगतं. या चारपैकी निदान तीन गोष्टी निवेदनात आल्या पाहिजेत. रक्कम नाही आली तरी चालेल. सुरुवातीच्या निवेदनात रकमेचा हट्ट धरूच नये, असं माझं मत आहे. एका समितीत बसून मोठी रक्कम कुणी देत नाही. पैसा कसा द्यायचा याचा नियम मात्र समिती बदलू शकते.

माझा सल्ला असा: मागणी हानी-नुकसान निधीवर, म्हणजे हवामानामुळे झालेलं नुकसान सोसणाऱ्या देशांना मदत देणाऱ्या निधीवर ठेवा. 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत हा निधी उभारायचं ठरलं, आणि 2023 मध्ये दुबईच्या परिषदेच्या पहिल्याच दिवशी त्याला अंतिम रूप मिळालं. आश्वासनांची बेरीज 80 कोटी डॉलरच्याही आत राहिली. साऱ्या जगाच्या गरजेपुढे हे फारच थोडं आहे. पण एप्रिल 2025 मध्ये बार्बाडोसला निधीच्या संचालक मंडळाने पहिल्या टप्प्यासाठी 25 कोटी डॉलरची योजना मंजूर केली. तिच्यात निदान निम्मा पैसा अल्पविकसित देश आणि लहान बेटराष्ट्रांसाठी राखला आहे, मदत अनुदानाच्या रूपात आहे, आणि सरकारच्या अर्थसंकल्पाला थेट आधार देण्याची वाट खुली ठेवली आहे. तुवालूला हवं ते जवळपास सगळं तिच्यात आहे. अडचण एवढीच की ही पहिल्या टप्प्याची व्यवस्था आहे. म्हणून मागणी अशी: हे नियम कायमचे करा आणि त्यांना मुदत जोडा.

जुळवून घेण्याचा पैसा आणि हानी-नुकसानीचा पैसा वेगळे का धरायचे?

कारण दोन्हींची गती वेगळी असते. त्यांची गल्लत झाली की समोरचा प्रतिनिधी तुम्हाला एका प्रश्नात अडवतो.

तुवालूचंच उदाहरण घेऊ. 2016 मध्ये ग्रीन क्लायमेट फंड या आंतरराष्ट्रीय हवामान निधीने तुवालूच्या किनारा संरक्षण प्रकल्पाला 3 कोटी 60 लाख डॉलर मंजूर केले. काही वाटा तुवालूच्या सरकारने घातला आणि काम संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत झालं. फुनाफुतीत खाजणाच्या बाजूला भर घालून सुमारे 780 मीटर लांब आणि 100 मीटर रुंद अशी उंच जमीन तयार केली गेली. ती 2023 च्या अखेरीस पूर्ण झाली. नानुमेआ आणि नानुमागा या बेटांवरही लाटा अडवण्याची कामं याच प्रकल्पात आहेत. हा झाला जुळवून घेण्याचा पैसा: धोका येणार हे धरून आधीच केलेली बांधणी. आता रक्कम पाहा. ती देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त आहे. एवढं काम तुवालूला स्वतःच्या तिजोरीतून कधीच करता आलं नसतं.

मार्च 2015 मध्ये पॅम चक्रीवादळाच्या लाटांनी पिकं, घरं आणि पाण्याचे साठे खराब केले. ते नुकसान घडून गेलेलं आहे. त्याच्यावर कोणतीही भिंत बांधून उपयोग नाही, तिथे लगेच हाती येणारा पैसा लागतो. हे हानी-नुकसान.

विद्यार्थी बऱ्याचदा म्हणतात, "वादळ 2015 ला आलं आणि मदत 2023 ला पोचली." हे चुकीचं आहे आणि सहज खोडून काढता येतं. 2023 ला पूर्ण झाली ती बांधणी. समुद्रात जमीन उभारायची तर समुद्रतळाची मोजणी, लाटांचा अभ्यास, आराखडा, निविदा हे सगळं करावंच लागतं, आणि मधल्या काळात कोविडमुळे तुवालूच्या सीमा बंद होत्या. तेव्हा निवेदनात उलट बाजूने बोला: बांधणीला वर्षं लागतात हे आम्हाला मान्य आहे, वादळानंतरची मदत मात्र त्या वेगाने येऊन चालणार नाही. असं म्हटलं की विरोधकाला धरायला काही राहत नाही.

100 अब्ज, 300 अब्ज, 1,300 अब्ज: यातला कोणता आकडा वापरायचा?

एकच वापरा, आणि तो 300 अब्ज.

2009 मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करण्याचं वचन दिलं. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या हिशेबाने ते पहिल्यांदा पुरं झालं 2022 मध्ये, म्हणजे दोन वर्षं उशिरा. नोव्हेंबर 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत नवं लक्ष्य ठरलं: 2035 पर्यंत दरवर्षी किमान 300 अब्ज. 1,300 अब्ज हे त्याच निर्णयातलं आवाहन आहे. ते सर्व स्रोतांना, खासगी गुंतवणुकीलाही, उद्देशून आहे आणि कुणा एका देशगटावर बंधन टाकत नाही. जो प्रतिनिधी "बाकूला 1,300 अब्ज मंजूर झाले" म्हणतो, त्याने निर्णय वाचलेला नाही हे जाणत्या परीक्षकाला लगेच कळतं.

तुवालूसाठी बाकूतली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. लहान बेटराष्ट्रांच्या आघाडीने बेटांसाठी वर्षाला किमान 39 अब्ज डॉलर राखून ठेवावेत अशी मागणी केली होती. शेवटच्या दिवसांत त्यांचे आणि अल्पविकसित देशांचे प्रतिनिधी एका बैठकीतून उठून बाहेरही गेले. तरी राखीव वाटा अंतिम निर्णयात आला नाही. तुवालू या दोन्ही गटांत आहे. हे एक वाक्य निवेदनात आलंच पाहिजे.

बोलताना कोटी आणि अब्ज मिसळू नका. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे ऐकणाऱ्याला मनात करावं लागलं की पुढचं वाक्य त्याच्या कानावरून जातं. मोठ्या लक्ष्यासाठी अब्ज आणि तुवालूच्या प्रकल्पासाठी कोटी, एवढंच ठेवा.

नुकसानभरपाई मागावी का?

सुरुवातीच्या निवेदनात नको. पॅरिस कराराच्या आठव्या कलमात हानी-नुकसान आहे. पण करार स्वीकारणाऱ्या 2015 च्या निर्णयाच्या 51 व्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं आहे की या कलमामुळे कुणावर दायित्व येत नाही आणि भरपाईचा आधारही मिळत नाही. तुम्ही भरपाई म्हणालात की अमेरिकेची चिठ्ठी मिळालेला विद्यार्थी हा परिच्छेद वाचून दाखवेल आणि तुमचा वेळ बचावात जाईल.

23 जुलै 2025 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वानुआतूच्या पुढाकाराने विचारलेल्या प्रश्नावर सल्लागार मत दिलं. हवामानाचं रक्षण करणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास परिणाम भोगावे लागू शकतात, नुकसान भरून देणंही त्यात येऊ शकतं, असं त्यात म्हटलं आहे. हे मत बंधनकारक नाही, पण वजनदार आहे. ते हातात ठेवा. कुणी 51 वा परिच्छेद काढला की उत्तरात वापरा.

एक पूर्ण निवेदन दाखवाल का?

दीड मिनिटासाठी संथ मराठीत दीडशेच्या आसपास शब्द बसतात. त्या मापाने:

"सन्माननीय अध्यक्ष आणि प्रतिनिधी,

मार्च 2015 मध्ये पॅम चक्रीवादळाच्या लाटा तुवालूच्या बेटांवर चढल्या. पिकं गेली, पिण्याचं पाणी खारट झालं.

त्यानंतर ग्रीन क्लायमेट फंडाने आमच्या किनाऱ्यासाठी 3 कोटी 60 लाख डॉलर दिले. त्यातून फुनाफुतीत नवी उंच जमीन उभी आहे. तुवालू त्याबद्दल आभारी आहे. अशा बांधणीला वर्षं लागतात हेही आम्ही जाणतो. पण वादळाच्या दुसऱ्या दिवशी लागणारं पाणी वर्षभर थांबू शकत नाही.

बाकूमध्ये वर्षाला 300 अब्ज डॉलरचं लक्ष्य ठरलं. लहान बेटांसाठी त्यात राखीव वाटा नाही.

म्हणून तुवालू तीन गोष्टी मागतो. हानी-नुकसान निधीच्या पहिल्या टप्प्यात बेटं आणि अल्पविकसित देशांसाठी राखलेला निम्मा वाटा कायम करावा. ही मदत अनुदान म्हणूनच आणि थेट आमच्या अर्थखात्याकडे यावी. आणि आपत्ती जाहीर झाल्यापासून 60 दिवसांत पहिला हप्ता मिळावा.

या तीन मुद्द्यांवर मसुदा लिहायला तयार असलेल्या प्रत्येक देशाबरोबर तुवालू आज बसायला तयार आहे. धन्यवाद."

यातले 60 दिवस ही प्रतिनिधीची स्वतःची सूचना आहे, कोणत्याही ठरावात ती नाही. विचारलं तर तसंच सांगा. 60 वर अडून बसायचीही गरज नाही. कुणी 90 म्हणालं तर वाटाघाट सुरू झाली, आणि तेच तुम्हाला हवं होतं.

आभाराचं वाक्य गाळू नका. मुलांना ते मिळमिळीत वाटतं. पण मिळालेल्या मदतीचा उल्लेख स्वतःहून केला की "तुम्हाला आधीच पैसे दिलेत" हा हल्ला निघायच्या आधीच संपतो.

पाण्यात उभ्या राहिलेल्या मंत्र्याचा उल्लेख करू का?

2021 मध्ये ग्लासगो परिषदेसाठी तुवालूचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभं राहून भाषण ध्वनिचित्रित केलं. ते जगभर पोचलं. तुमच्या निवेदनात ते आणलं तर तुम्ही तुवालूबद्दल बोलत आहात असं वाटतं, तुवालू म्हणून बोलत आहात असं वाटत नाही. स्वतःच्या मंत्र्याची गाजलेली चित्रफीत कुठलं सरकार सभेत सांगत बसेल? ते दहा सेकंद मागणीला द्या.

आपल्याकडचा दुष्काळ किंवा अतिवृष्टी निवेदनात आणू शकतो का?

सभागृहात नाही. तिथे तुम्ही फुनाफुतीहून आलेले आहात. तयारी करताना मात्र जरूर आणा, कारण हवामान निधीची खरी अडचण मराठवाड्यातल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. गारपीट किंवा अतिवृष्टी झाली की पंचनामा होतो, यादी लागते, आणि ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही तो बटाईदार पिकाचं नुकसान सोसूनही यादीबाहेर राहतो. कागद पुरे करायची ताकद ज्याच्याकडे, त्याच्या खात्यात आधी पैसा. आंतरराष्ट्रीय निधीतही हेच होतं. ग्रीन क्लायमेट फंडाकडून पैसा घ्यायचा तर मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जावं लागतं, आणि ती मान्यता मिळवायला हिशेब तपासणी, खरेदीचे नियम, पर्यावरण आणि सामाजिक सुरक्षेचे निकष अशी मोठी कागदपत्रं लागतात. अकरा हजार लोकांच्या देशात हे करणारे अधिकारी किती असणार? म्हणून तुवालूचा मोठा प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेमार्फत आला. "थेट अर्थखात्याकडे" या मागणीमागे हे कारण आहे, आणि प्रश्न आला की ते तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

अनुदानच हवं, कर्ज का नको?

2022 मध्ये श्रीमंत देशांनी सरकारी मार्गाने दिलेल्या हवामान निधीत दोन तृतीयांशाहून जास्त भाग कर्जाचा होता. इथे एक सावधगिरी. तुवालूला स्वतःला बराचसा पैसा अनुदान म्हणूनच मिळतो, कारण कर्जाच्या ओझ्याचा धोका तिथे मोठा मानला जातो. म्हणून "तुवालू कर्जात बुडाला" असं म्हणू नका. म्हणा, "ज्या नुकसानीतून उत्पन्न निघत नाही त्यासाठी कर्ज फेडायचं कशातून?" खारं झालेलं पुलाकाचं शेत हप्ता भरत नाही.

भारताच्या प्रतिनिधीविरुद्ध बोलायला संकोच वाटतो.

हा संकोच खूप जणांना होतो. आधी पाहा की पैशाच्या विषयात विरोध फारसा नाहीच. बाकूला 300 अब्ज अपुरे असल्याची कडक टीका भारतानेही केली होती. तिथे भारत तुमचा सहज साथीदार आहे. मतभेद येतो कोळशावर. 2021 मध्ये ग्लासगोत कोळसा बंद करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा शब्दप्रयोग भारताच्या आग्रहाने आला आणि बेटराष्ट्रांनी नाराजी उघडपणे बोलून दाखवली. तुवालू तर जीवाश्म इंधनांविरुद्ध स्वतंत्र करार व्हावा असं म्हणणाऱ्यांत आहे. विषय निधीचा असेल तर कोळसा तुम्ही काढू नका. दुसऱ्याने काढला तर तुवालूचीच भूमिका मांडा, मवाळ करू नका.

आणखी एक सापळा: चीनला "आमचा मित्रदेश" म्हणू नका. तुवालूचे राजनैतिक संबंध तैवानशी आहेत.

"ऑस्ट्रेलिया तुम्हाला नेतंय, मग पैसा कशाला?" याला काय उत्तर?

हा प्रश्न जवळपास नक्की येतो. नोव्हेंबर 2023 मध्ये तुवालू आणि ऑस्ट्रेलियाने फालेपिली करार केला. तो 2024 मध्ये लागू झाला. त्यानुसार वर्षाला 280 तुवालू नागरिकांना ऑस्ट्रेलियात राहण्या-शिकण्या-काम करण्याची परवानगी मिळते. उत्तर देताना चिडू नका. त्याच करारात समुद्र चढला तरी तुवालूचं राष्ट्रपण टिकून राहील हे ऑस्ट्रेलियाने मान्य केलं आहे, हे सांगा. ज्याला जायचं त्याला जाता यावं आणि ज्याला राहायचं त्याला राहता यावं यासाठी सरकार दोन्ही कामं करतं. दुसऱ्या कामाला निधी लागतो.

वेळ उरला तर?

नियमांत असेल तर उरलेला वेळ प्रश्नांसाठी द्या. वर दिलेले भरपाईचे, ऑस्ट्रेलियाचे आणि "आधीच पैसे मिळाले"चे प्रश्न तयार असतील तर त्यातून निवेदनापेक्षा जास्त साधतं. तयारी अपुरी असेल तर वेळ अध्यक्षांना परत करा. "मी" म्हणू नका, "तुवालू" म्हणा. आणि मागण्यांचं वाक्य बोलायच्या आधी क्षणभर थांबून वर पाहा, म्हणजे मसुदा लिहिणाऱ्या गटातला कुणीतरी पेन उचलेल. बसल्यावर त्या तीन मागण्या लिहिलेली चिठ्ठी बेटराष्ट्रांच्या आणि अल्पविकसित देशांच्या बाकांवर लगेच पाठवा. पहिली अनौपचारिक चर्चा सुरू होण्याआधी ती त्यांच्या हातात असली पाहिजे.